हॉलमध्ये खेळण्यांचा मोठा बॉक्स करून घ्यावा का?

प्रश्न: राजारामपुरीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. हॉल १५ बाय १०. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी दोनची. सासरे काठी घेऊन चालतात; त्यांचं पेपर वाचणं, टीव्ही, येणारे-जाणारे सगळं हॉलमध्येच. दिवसभर खेळण्यांचा पसारा असतो आणि संध्याकाळी कुणी आलं की बसायला जागा नसते. सुतार म्हणतायत, ४ बाय २ चा झाकणाचा मोठा बॉक्स करू, वर गादी टाकली की बसायलाही होईल. सोमवारी ते काम धरणार आहेत. करून घ्यावा का?

उत्तर:

नको. ताई, सोमवारच्या आत मिस्त्रींना फोन करा. प्लाय आणली असली तरी हरकत नाही, ती वाया जाणार नाही. फक्त बॉक्स नको.

मी गेली अठरा वर्षं कोल्हापुरात घरांची आतली कामं करते आणि सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत असे पेटारे मीही करून दिलेत. शाहूपुरीतल्या एका घरी तर चांगला सागवानी पट्टी मारून, आत गुलाबी लॅमिनेट लावून दिला होता. दोन महिन्यांनी त्या घरच्या आजींचा फोन आला. "बॉक्स झकास झालाय गं बाई, पण खेळणी अजून खालीच हायत की." बघायला गेले तर बॉक्समध्ये इस्त्रीचे कपडे, आणि खेळणी जमिनीवर. मला राग आला, पण चूक माझी होती. मी बॉक्स मोठ्या माणसाच्या सोयीचा केला होता: सगळं गोळा करायचं, आत ढकलायचं, झाकण लावायचं. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडी हवी असलेल्या मुलाचा विचारच नव्हता.

दोन वर्षांचं मूल पेटाऱ्यापुढे काय करतं ते एकदा नीट बघा. वरच्या थरात जे दिसतं ते उचलतं, ते नको असतं म्हणून मागे टाकतं. मग दुसरं, मग तिसरं. गाडी बुडाशी असते. हात पोचत नाही, की मग काठावर पोट टेकून आत वाकतं, किंवा बॉक्स हलका असेल तर सरळ पालथा करतं. एका गाडीसाठी चाळीस वस्तू जमिनीवर येतात आणि गाडी मिळाल्यावर त्या चाळीस वस्तूंशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणजे तुम्ही ज्याला पसारा म्हणताय त्यातला निम्मा-अर्धा खेळण्यातून झालेलाच नाही, शोधण्यातून झालाय. पेटारा मोठा केला की शोधणं वाढतं, म्हणून पसाराही वाढतो.

दुसरी गोष्ट झाकणाची. प्लायचं ४ बाय २ चं झाकण, वर गादी, हे वजन दोन वर्षांच्या मुलीच्या मानेवर किंवा बोटांवर पडलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. असे अपघात परदेशात इतके झाले की तिथं खेळण्यांच्या पेटाऱ्यांसाठी नियम करावे लागले: झाकण ज्या उंचीवर सोडाल तिथंच थांबलं पाहिजे, आत मूल लपून बसलं तर हवा खेळती राहील अशी भोकं हवीत, आणि बाहेरून अडकणारी कडी नको. लपाछपीत मुलं पेटाऱ्यात शिरतात, हे तुम्हाला माहीतच असेल. आपल्याकडचे मिस्त्री साधं बिजागर लावतात, त्यात यातलं काहीच नसतं. झाकणाला भोकं पाडून घेतली तरी वर गादी टाकली की तीही झाकली जातात. शिवाय गादीवर पाहुणे बसलेले असताना मुलाला खेळणं हवं झालं तर काय करायचं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

घरात आधीपासूनच असा पेटारा असलेल्यांनी एवढंच करावं: झाकण काढून टाका आणि त्यात फक्त उशा, बॉल आणि मोठे मऊ प्राणी ठेवा, म्हणजे शोधायची वेळ येणार नाही. बॉक्सच्या दिवाणाचं थोडं वेगळं. आत खेळणी ठेवा, पण मुलानं रोज काढायची म्हणून नाही, साठ्याची. त्या साठ्याकडे मी पुढे येते.

आता तुमच्या हॉलमध्ये मी काय करेन ते सांगते. मागच्या वर्षी जवाहरनगरात जवळपास याच मापाच्या हॉलचं काम केलं. तिथंही दोन मुलं आणि एक आजोबा होते, म्हणून तेच डोळ्यासमोर ठेवते. तुमच्या दारं-खिडक्यांप्रमाणे डावं-उजवं बदला.

पहिल्यांदा मी खेळण्यांना हात लावत नाही, चालायची वाट आखते. त्या घरी बाहेरचं दार एका दहा फुटी भिंतीत आणि स्वयंपाकघराकडे जायची वाट समोरच्या भिंतीत होती. टीव्हीच्या भिंतीलगत खडूनं ३ फूट रुंदीचा पट्टा ओढला आणि घरच्यांना सांगितलं, या पट्ट्यात दिवसा-रात्री काहीही येणार नाही, पायपुसणंसुद्धा नाही. काठी टेकत चालणाऱ्या माणसाला एवढी रुंदी लागते, आणि रात्री बाथरूमला उठलेल्या माणसाचा पाय एका ठोकळ्यावर पडला तरी पुरे होतं. बाकीच्या हॉलमध्ये दिवसभर काहीही होऊ दे, हा पट्टा मोकळा असला की घर वापरता येतं. मधलं काचेचं टीपॉय मी काढायला लावलं. वहिनींनी थोडं तोंड वाकडं केलं, पण काढलं.

मग जागा. लोक खेळण्यांना सगळ्यात लांबचा कोपरा देतात, आणि मुलं तिथून एकेक वस्तू उचलून सोफ्यापाशी आणतात. कारण सोपं आहे. लहान मूल घरातलं माणूस जिथं बसलेलं असतं तिथं खेळतं. आई स्वयंपाकघरात असेल तर दाराच्या उंबऱ्यावर, आजोबा सोफ्यावर असतील तर त्यांच्या पायाशी. आमच्याकडच्या जुन्या पेठांतल्या घरांत सोप्यात आजी बसायची आणि पोरं तिच्यासमोरच भातुकली मांडायची. माजघरात वेगळी जागा दिली असती तरी ती तिथं गेली नसती. म्हणून खेळण्यांची जागा सोफ्याच्या हाताला लागूनच हवी, दोन पावलांच्या आत.

पंधरा फुटी भिंतीला सोफा साधारण साडेसहा फूट खातो. तो बाहेरच्या दाराच्या बाजूला सरकवला की आतल्या टोकाला आठ-साडेआठ फूट उरतात. तिथं सोफ्याला चिकटून मी ४ फूट लांब, २ फूट उंच आणि १ फूट खोल असं उघडं कपाट बसवलं. उंची दोनच फूट ठेवण्याची दोन कारणं. दोन वर्षांच्या मुलाला वरचा खण उभ्यानं दिसतो आणि हाताला लागतो, हे एक. दुसरं म्हणजे बहुतेक सोफ्यांचा हात तेवढ्याच उंचीचा असतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला सोफा आणि कपाट एकाच रेषेत दिसतं, खेळण्यांचं कपाट म्हणून डोळ्यांवर येत नाही. कपाटापुढे ४ बाय ५ फुटांची सतरंजी अंथरली. खेळायचं ते सतरंजीवर. कपाटाचा एक फूट आणि सतरंजीचे पाच धरले तरी दहा फुटांतले चार उरतात, म्हणजे आजोबांची वाट शाबूत.

एक इशारा. हे कपाट खिडकीखाली ठेवू नका. खिडकीखालची जागा रिकामी असते म्हणून हात तिकडेच जातो. माझ्या स्वतःच्या घरी मी हीच चूक केली होती. भाचा तीन वर्षांचा, एक दिवस कपाटावर उभा राहून ग्रिलला लोंबकळत होता. तिसरा मजला. ग्रिल होतं म्हणून मी आज हे लिहितेय. त्याच दिवशी संध्याकाळी कपाट हलवलं. कमी उंचीचं कुठलंही फर्निचर मुलासाठी पायरीच असते.

मिस्त्रींना सांगायची मापं अशी. १८ मिमीची प्लाय, ८ बाय ४ ची एक शीट. आडव्या तीन फळ्या आणि उभ्या पाच, सगळ्या फूटभर रुंदीच्या. ३२ चौरस फुटांतले वीस-एकवीस लागतात. खाली ४ इंचांचे पीव्हीसीचे पाय. पाय वगळून आणि फळ्यांची जाडी वगळून दोन ओळींत चार-चार असे आठ खण मिळतात, प्रत्येक साधारण ११ इंच रुंद आणि ९ इंच उंच. मागे ६ मिमीची पाठ. दारं नाहीत, ड्रॉवर नाहीत. वरच्या फळीचे पुढचे दोन कोपरे गोल करून घ्या, दोन वर्षांची मुलगी अडखळली तर तिचं कपाळ त्यावरच आपटायचं. कपाट भिंतीला दोन एल क्लॅम्पनं स्क्रूनं बांधायचं. एवढं बुटकं कपाट सहज उलटत नाही, पण वर चढणारं मूल आणि खालचे खण रिकामे असं एकदम झालं तर उलटू शकतं. ड्रिल हातात आहेच तर टीव्हीही भिंतीलाच बांधून घ्या. स्टँडवर नुसता टेकवलेला टीव्ही या कपाटापेक्षा जास्त धोक्याचा.

पायांबद्दल दोन शब्द जास्त बोलते, कारण कोल्हापुरात कपाट तिथंच मरतं. आपण रोज फरशी पुसतो. कपाट थेट फरशीवर टेकलं की खालच्या कडेला रोज पाणी लागतं. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर वर्षभरात ती कड फुगून पावासारखी होते आणि लॅमिनेट सुटतं. चार इंचांचे पाय ठेवले की खालून फडकं फिरतं. दोन इंच ठेवलेत तर फडकं जात नाही, पण ठोकळे बरोबर जातात. आणि भिंत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कसा लागतो ते तुम्हाला सांगायला नको. पश्चिमेची किंवा बाहेरची भिंत असेल तर कपाट आणि भिंत यांत इंचभर फट ठेवा, क्लॅम्पच्या मागे लाकडी गुटका घालून. फट नसली की पाठीमागे ओल धरते, आणि ती पहिल्यांदा कळते वासावरून. कापडी अस्वलाला कुबट वास यायला लागला की कपाट ओढून मागे बघायचं, काळे ठिपके दिसतीलच. मऊ खेळणी म्हणूनच झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नका. सुती पिशवीत किंवा वेताच्या बुट्टीत ठेवा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा गच्चीवर वाळवा.

आता खणांत काय. वरच्या चार खणांत काहीच डबा ठेवायचा नाही. तिथं मोठी, एकेकटी खेळणी उघडी: डंपर, बाहुली, तीन-चार पुस्तकं पुढचं पान दिसेल अशी, एखादं कोडं. खालच्या चारांत चार ट्रे. ट्रे कुठल्या कंपनीचा यापेक्षा त्याची खोली महत्त्वाची. पाच-सहा इंचांपेक्षा खोल नको. तेवढ्या उथळ ट्रेमध्ये हात घातला की बुडाची वस्तू दिसते, चाचपडावं लागत नाही, म्हणून मूल तो पालथा करत नाही. दहा इंच खोल ट्रे दिलात की तुम्ही छोटा पेटाराच दिलात. भांड्यांच्या दुकानात फ्रीजमध्ये भाजी ठेवायचे जाळीचे ट्रे मिळतात, १० बाय ११ इंचांचे. ते मला खास खेळण्यांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांपेक्षा आवडतात. स्वस्त, धुता येतात, आणि जाळीतून आत काय ते दिसतं. प्रत्येक ट्रेच्या पुढे आतल्या वस्तूचा फोटो चिकटवा, आणि तसाच दुसरा फोटो खणाच्या मागच्या पाठीवर. मुलगी वाचू शकत नाही, पण गाडीचं चित्र गाडीच्या चित्राशी जुळवणं तिला कोडं सोडवल्यासारखं वाटतं. चार ट्रे म्हणजे चारच प्रकार: गाड्या, मोठे ठोकळे, भातुकली आणि प्राणी. "प्राण्यांत जंगली वेगळे, पाळीव वेगळे" असली बारीक वर्गवारी करू नका. चार दिवस टिकते, मग सगळं परत एकात.

आता तुम्ही म्हणाल, आठ खणांत आमची खेळणी बसणारच नाहीत. बरोबर, बसणार नाहीत, आणि बसवायचीही नाहीत. जवाहरनगरच्या घरी आम्ही शनिवारी दुपारी मुलं मावशीकडे पाठवून सगळी खेळणी एका चादरीवर ओतली आणि मोजली. १७३ निघाली, ठोकळ्यांचा एक संच म्हणजे एकच नग धरून. त्यात बावीस मोडकी, अकरा रिकाम्या सेलची. आधीच्या आठवड्यात मी वहिनींना एक काम दिलं होतं: तीन दिवस रोज संध्याकाळी, दोन्ही मुलांनी त्या दिवशी खरंच ज्यांच्याशी पाच मिनिटांहून जास्त वेळ खेळलं त्यांची नावं कागदावर लिहायची. तीन दिवसांची मिळून यादी चोवीस नावांची होती. बाकीची दीडशे नुसती पायात येत होती.

यावर एक अभ्यासही आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी असलेल्या खोलीत आणि एकदा १६ असलेल्या खोलीत खेळू दिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. फार थोडी मुलं आणि प्रयोगाची खोली, घर नाही, म्हणून त्यावर मी आकडे बांधत नाही. पण जे मला घरोघर दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

तर हॉलमध्ये तेवढीच खेळणी, जेवढी आठ खणांत दाटी न करता मावतात. दोन मुलांची मिळून पंचवीस-तीस. उरलेल्यांपैकी मोडकी काढा, चालणारी दोन-तीन ट्रंकांत किंवा बॉक्सच्या दिवाणात ठेवा. हा साठा. मग रविवारी सकाळी एकच ट्रे बदलायचा. सगळे एकदम नाही. ज्या ट्रेला आठवड्यात कुणी हात लावला नाही तोच साठ्यात जातो आणि तिथला एक बाहेर येतो. मुलांच्या देखत साठा उघडू नका, नाहीतर सगळंच बाहेर येईल. आणि झोपताना लागणारी बाहुली, कान तुटलेला हत्ती, जे काही लाडकं असेल ते या फेऱ्यात घालू नका. एका घरी मी नकळत तसा हत्ती साठ्यात टाकला होता. रात्री साडेअकराला त्या बाबांनी माळ्यावर चढून तो काढला आणि सकाळी मला फोन केला. ते योग्यच बोलले.

साठा चालतो की नाही हे कसं कळायचं? साठ्यात गेलेल्या वस्तूचं नाव मुलानं दोन महिन्यांत एकदाही काढलं नाही, तर ती कुणाला तरी द्यायला हरकत नाही. उलट रोज कुणीतरी साठ्यातलं काहीतरी मागत असेल तर तुम्ही चुकीचं काढून ठेवलंय. खण कमी पडलेत असं लगेच समजू नका.

तुमच्याकडची खरी अडचण मात्र दुसरीच आहे. साडेपाच आणि दोन. मुलाचे बारीक जोडठोकळे, मणी, गोट्या, त्र्यंबोलीच्या यात्रेतली पिपाणी हे सगळं मुलीच्या तोंडात जाऊ शकतं. म्हणून मुलाचं बारीक सामान या कपाटात अजिबात नको, वरच्या खणातही नको. काय बारीक आणि काय नाही हे ठरवायला आपल्या आयएस 9873 या मानकात ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा सुटा तुकडा तिच्यात पूर्ण मावता कामा नये. घरी टिश्यू रोलची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी मोठी असते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. तिच्यातून जे खाली पडतं ते मुलीच्या हाताबाहेर. बटणासारखे चपटे सेल असलेल्या खेळण्यांचं सेलचं झाकण स्क्रूचं आहे ना तेही बघा. झाकण नुसतं नखानं उघडत असेल तर ते खेळणं घरातूनच काढा. तसला सेल गिळला तर तासा-दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते; नुसता संशय आला तरी सरळ दवाखाना गाठायचा.

मुलाच्या जोडठोकळ्यांसाठी मी जे करते ते अगदी गावठी आहे, पण त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलं नाही. जुनी जाड सुती चादर घ्या. चार फूट व्यासाचं गोल कापा. कडेला दुमड घालून नेफा शिवा, त्यात नाडी ओवा. पसरलं की खेळायची चटई. नाडी ओढली की सगळ्या तुकड्यांसकट बोचकं. ठोकळे उचलावेच लागत नाहीत. बोचकं भिंतीवर साडेचार-पाच फुटांवर जाड खुंटीला अडकवायचं, मुलीच्या आवाक्याबाहेर आणि मुलानं मागितलं की मोठ्यांनी काढून देता येईल असं. ते उघडायचं डायनिंग टेबलावर किंवा मुलगी दुपारी झोपली की खाली. मुलाला हे अन्यायाचं वाटेल. त्याला सांगा, तू मोठा आहेस म्हणून तुला वेगळं बोचकं. माझ्या अनुभवात त्यानं बांधलेला किल्ला बहिणीनं मोडला नाही ही गोष्ट त्याला त्या समजावणीपेक्षा लवकर पटते. गोल कापताना एकच काळजी: चार फुटांपेक्षा मोठं करू नका. पाच फुटांचं केलं की भरलेलं बोचकं एका हातानं उचलत नाही, आणि मग ते खालीच पडून राहतं.

तीनचाकी, घोडा, वाढदिवसाला कुणीतरी दिलेली प्लास्टिकची घसरगुंडी यांना कुठलंच कपाट पुरत नाही. हॉलमध्ये असली एकच वस्तू, बाकी गॅलरीत किंवा खाली पार्किंगमध्ये. तिच्या चाकांखाली फरशीवर रंगीत टेप लावून गाडीसारखी पार्किंगची चौकट करा. मुलं त्यात गाडी लावतात. मोठी माणसं स्कूटर जशी लावतात त्यापेक्षा तरी नीट.

आवरण्याची वेळ. रात्री झोपताना नको, तेव्हा मुलं आणि तुम्ही दोघंही दमलेली असता. दिवेलागणीला करा, सासरे सातच्या बातम्यांना बसायच्या आधी. आठ खणांचं कपाट आणि पंचवीस-तीस वस्तू एका मोठ्या माणसाला आणि एका मुलाला सात-आठ मिनिटांत आवरतात. जवाहरनगरला मी घड्याळ लावून बघितलं. पहिल्या आठवड्यात अकरा मिनिटं लागायची, महिन्याभरानं सात. पंधरा मिनिटांच्या वर जायला लागलं की समजायचं, खेळणी परत वाढलीत. बहुतेक वेळा कुणाचा तरी वाढदिवस होऊन गेलेला असतो. दोन वर्षांच्या मुलीला "सगळं आवर" म्हणून काही कळत नाही. तिला एकच ट्रे द्या: "सगळ्या गाड्या हितं." एक खेळणं ठेवल्याशिवाय दुसरं काढायचं नाही हा नियम मात्र तीन वर्षांखाली चालत नाही, त्यावरून रोज रडारड करून घेऊ नका. बाहुली गाडीत बसवायची तर दोन्ही एकदम लागणारच.

आजोबांना यात घ्या. त्या घरी आजोबांची एकच तक्रार होती, रिमोट आणि चष्मा सापडत नाही. कपाटाच्या वरच्या फळीचा सोफ्याकडचा एक फूट आम्ही त्यांचा ठरवला. तिथं पेपर, चष्म्याचं घर, पाण्याचा तांब्या. नातवंडांनी तिथं काही ठेवायचं नाही. बसल्या जागेवरून हात पोचतो, म्हणून ते खूश. आणि त्यांच्या बाजूला बसून खेळतात म्हणून पोरं खूश. गोळ्यांची डबी मात्र तिथं नको, ती मुलीच्याही हाताला लागेल.

गणपतीत हॉलचं सगळं बदलतं, हेही मिस्त्रींना आधीच सांगून ठेवा. क्लॅम्प भिंतीच्या बाजूला खिळ्यानं ठोकू नका, प्लगमध्ये स्क्रूच लावा, म्हणजे मखर मांडायच्या वेळी दोन स्क्रू काढून कपाट आत सरकवता येतं. त्या दिवसांत दोनच ट्रे बाहेर ठेवा आणि बाकी साठ्यात. घरात एवढी माणसं असतात की मुलांना खेळण्यांची आठवणही येत नाही. मखर निघालं की स्क्रू लगेच परत बसवा. "नंतर बसवू" म्हटलेले स्क्रू दिवाळीत सापडतात.

आता सोमवारचं. मिस्त्रींनी ४ बाय २ च्या बॉक्ससाठी शीट कापून ठेवली असेल तर झाकणाचा तुकडा उभा चिरून घ्या. ४ बाय १ च्या दोन फळ्या होतील, म्हणजे तीन आडव्यांपैकी दोन झाल्या. बॉक्सची पुढची-मागची फळी फूटभर रुंद असेल तर तिसरीही त्यातूनच निघेल. एमडीएफ आणलं असेल तर ते बदलून घ्या, तेवढ्यासाठी वाईटपणा घ्यायला हरकत नाही. आणि तो "निदान वरची ओळ तरी दाराची करू, दिसायला बरं" म्हणेल. सगळे मिस्त्री म्हणतात. नको म्हणा.